सर्वांत कमी भाव देणाऱ्याला नकार कळवताना

वाशीम जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी खरेदीचं काम बघतो. २०२५च्या पावसाळ्यात आम्ही सोयाबीन साफ करायचं ग्रेडिंग युनिट घेतलं. तीन निविदा आल्या आणि एक निवडली गेली. ज्यांची नाकारली त्यांतले एकजण अकोल्याचे. आमची जुनी चाळणी मशीन कित्येक हंगाम तेच सांभाळत आलेत, आणि या निविदेत सर्वांत कमी भावही त्यांचाच होता. त्यांना गुणांचा हिशेब समजावणारा ईमेल लिहिणं हे सगळ्या खरेदीतलं मला सर्वांत जड गेलेलं काम. छोट्या संस्थांमध्ये हे काम करणाऱ्यांना असा ईमेल कसा असावा हे कुठे सापडत नाही, म्हणून सगळं तारखांसकट लिहून ठेवतोय.

आधी निविदेबद्दल थोडं, कारण नकाराचा ईमेल खरं तर निविदा काढतो त्याच दिवशी अर्धा लिहून होतो. २ जूनला आम्ही निविदा काढली. ताशी दोन टन क्षमता, काडीकचरा आणि खडे वेगळे करणारं युनिट, एलिव्हेटरसकट. एकूण १०० गुण, त्यांतले ७० तांत्रिक आणि ३० भावाचे. सत्तरातले २५ चाचणीला, २० सेवा आणि सुट्या भागांना, १० आधी केलेल्या अशाच कामांना, १० हमी व वार्षिक देखभालीला, ५ उभारणीच्या मुदतीला. प्रत्येक बाबीखाली गुणांची पट्टीही छापली होती. उदाहरणार्थ, अशा कामाच्या पूर्णत्वाचा एक दाखला जोडला की २ गुण, जास्तीत जास्त पाच दाखले. अशी पट्टी छापलेली नसती, तर पुढचा ईमेल म्हणजे नुसतं माझं मत ठरलं असतं.

आमची कंपनी खाजगी आहे, सरकारी खरेदीचे नियम आम्हाला लागू नाहीत. तरी जागतिक बँकेच्या खरेदी नियमांतली एक पद्धत मी संचालकांपुढे ठेवली आणि ती निविदेत घातली. निवडीचा इरादा सगळ्यांना एकाच वेळी कळवायचा आणि त्यानंतर कामाचे दहा दिवस ऑर्डर द्यायची नाही. ज्याला कारणं हवीत त्याने तीन दिवसांत मागायची, आपण पाच दिवसांत द्यायची. एका संचालकांना हे नको होतं. "कारणं लेखी दिली की लोक कोर्टात जातात," असं त्यांचं म्हणणं. मला उलट वाटतं. कारण कळलं नाही की माणूस आपल्या मनानं कारण शोधतो, आणि आमच्या भागात ते कारण नेहमी एकच असतं: आतून सेटिंग झालं.

१० जूनला प्री-बिड मीटिंग झाली. भावाला ३०च गुण का, हे तिथं कोणी विचारलं नाही. २४ जूनला तांत्रिक लिफाफे उघडले. ३० जूनपासून त्या आठवड्यात चाचण्या झाल्या. आमच्या गोडाऊनमधला एकाच थप्पीचा माल नीट मिसळून प्रत्येकाकडे पाच क्विंटल नेला. जिथं त्यांची मशीन चालू होती तिथंच तो चालवून पाहिला. पावसाळी हवेत सोयाबीन ओल धरतं, म्हणून चाचणीआधी आर्द्रता मोजून नोंदवली आणि त्या कागदावर विक्रेत्याच्या माणसाची सही घेतली. माल नेण्या-आणण्याचं भाडं नऊ हजारांच्या आसपास गेलं. हा खर्च वाचवायचा मोह होतो, पण या सहीच्या कागदाशिवाय पुढं बोलायला माझ्याकडे काहीच उरलं नसतं.

८ जुलैला समितीनं तांत्रिक गुणपत्रकावर सह्या केल्या. भावाचे लिफाफे १० जुलैला, सगळ्यांसमोर उघडले. अकोल्याच्या भाऊंचा भाव १५,२०,००० रुपये, दुसऱ्यांचा १६,००,०००, तिसऱ्यांचा १९,००,०००. भाऊ त्या दिवशी खुशीत परत गेले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना, कारण त्यांचे तांत्रिक गुण मला ठाऊक होते.

भावाच्या गुणांचं सूत्र निविदेत होतं: सर्वांत कमी भाव भागिले त्या विक्रेत्याचा भाव, गुणिले ३०. म्हणजे भाऊंना पूर्ण ३०. सोळा लाखवाल्यांना २८.५, एकोणीस लाखवाल्यांना २४. तांत्रिक गुण अनुक्रमे ५०, ५७ आणि ५५. बेरीज ८०, ८५.५ आणि ७९.

१५ जुलैला तिघांनाही एकाच वेळी छोटं पत्र ईमेलनं गेलं. त्यात निवड कोणाची होतेय, तिघांचे एकूण गुण किती, आणि कारणं हवी असतील तर कधीपर्यंत मागायची, एवढंच. ईमेल गेल्यावर पाचेक मिनिटांत मी भाऊंना फोन केला. त्याआधी केला असता तर एकाला आधी कळवल्यासारखं झालं असतं, आणि दुसऱ्या दिवशी केला असता तर त्यांना ते मार्केट यार्डातल्या चहाच्या टपरीवर कळलं असतं. फोनवर मी निकाल सांगितला, कारणांत शिरलो नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "भाव माया कमी, अन् काम दुसऱ्याले? काऊन?" मी म्हणालो, "भाऊ, लेखी मागा, लेखीच देतो. जे तुम्हाला सांगीन ते बाकीच्यांनाही सांगता येईल असंच असायला पाहिजे." १७ तारखेला त्यांचा दोन ओळींचा ईमेल आला.

उत्तर लिहायला बसण्याआधी मी हिशेब विभागात जाऊन त्यांचं जुनं दुरुस्तीचं बिल शोधलं. अकरा हजार चारशेचं होतं, कुठल्याशा सहीवाचून पडून राहिलं होतं. ते आधी निघायला लावलं. एका हातानं नकार द्यायचा आणि दुसऱ्या हातानं त्यांचेच पैसे धरून ठेवायचे, असं झालं तर ईमेलमधला एक शब्दही त्यांना खरा वाटला नसता.

आमच्या कार्यालयात चालत आलेला जुना मसुदा "आपले दरपत्रक स्वीकारता येत नसल्याबद्दल खेद आहे" असा होता. त्यात माहिती काहीच नाही. दुसऱ्या टोकाला, मला मनातून त्यांची समजूत काढावीशी वाटत होती, आणि समजूत काढताना माणूस नको ते लिहितो: "पुढच्या वेळी नक्की बघू", "तुमची मशीनही तितकीच चांगली होती". पहिलं वाक्य म्हणजे आश्वासन, जे द्यायचा मला अधिकार नाही. दुसरं खोटं, कारण मग गुण कमी का दिले? दोन्ही टाळून, फोनवर आम्ही "तुम्ही" म्हणतो ते बाजूला ठेवून "आपण" वापरून, २१ जुलैला जे पाठवलं त्याचा मुख्य भाग असा:

"महोदय, नमस्कार. आपण १७ जुलै रोजी मागितल्याप्रमाणे आपल्या निविदेचे गुणांकन खाली देत आहे. तांत्रिक गुणपत्रकावर समितीच्या सह्या ८ जुलै रोजी, म्हणजे भावाचे लिफाफे उघडण्यापूर्वी झाल्या आहेत.

भाव: ३० पैकी ३०. आपला भाव सर्वांत कमी होता.

सेवा व सुटे भाग: २० पैकी १८. माणूस २४ तासांत पोहोचेल हे आपण लेखी दिले, त्याचे पूर्ण १० गुण. सुट्या भागांच्या यादीत एलिव्हेटरचा पट्टा व बेअरिंग यांचा साठा कुठे आहे याचा उल्लेख नाही, म्हणून तेथे १० पैकी ८. उभारणीची मुदत: ५ पैकी ५.

चाचणी: २५ पैकी १७. पाच क्विंटल माल साफ व्हायला साडेसतरा मिनिटे लागली, म्हणजे ताशी सुमारे १.७ टन. निविदेत दोन टन मागितले होते, त्यामुळे पट्टीनुसार १० पैकी ६. साफ केलेल्या मालात १.४ टक्के कचरा राहिला. एक टक्क्याच्या आत पूर्ण गुण होते, दीड टक्क्यापर्यंत ६, त्यामुळे येथेही ६. दाणा फुटण्याचे प्रमाण अत्यल्प होते, त्याचे पूर्ण ५ गुण. आपल्या प्रतिनिधीने सही केलेली चाचणीची नोंद सोबत जोडली आहे.

यापूर्वीची कामे: १० पैकी ६. आपण पूर्णत्वाचे तीन दाखले जोडले होते. हमी व देखभाल: १० पैकी ४. बारा महिन्यांच्या हमीचे ४ गुण मिळाले. वार्षिक देखभालीचा दर निविदेत लिहिलेला नसल्याने त्याचे ४ गुण व वाढीव हमीचे २ गुण देता आले नाहीत.

तांत्रिक ५०, भाव ३०, एकूण ८०. निवड झालेल्या निविदेचे एकूण गुण ८५.५ आहेत, त्यापैकी भावाचे २८.५. त्यांच्या निविदेतील तांत्रिक तपशील आम्ही देऊ शकत नाही, तसेच आपला तपशील इतर कोणालाही दिला जाणार नाही.

या गुणांकनाबाबत आपली हरकत असल्यास २९ जुलैपर्यंत अध्यक्षांच्या नावे लेखी कळवावी. ती माझ्याकडे न येता थेट संचालक मंडळापुढे जाईल. आपली ३२,००० रुपये अनामत रक्कम ऑर्डर दिल्यापासून सात दिवसांत आपल्या खात्यावर परत केली जाईल. प्रत्यक्ष भेटून कागद पाहायचे असल्यास २५ जुलै रोजी सकाळी अकरा वाजता गोडाऊनच्या कार्यालयात यावे. जुन्या मशीनच्या देखभालीच्या करारावर या निर्णयाचा काहीही परिणाम होत नाही."

यातल्या दोन-तीन गोष्टींवर मी बराच वेळ घालवला. एक म्हणजे क्रम. जिथं त्यांना पूर्ण किंवा जवळपास पूर्ण गुण मिळाले ते आधी ठेवलं. गोड बोलण्यासाठी नव्हे. त्यांचा भाव आम्ही बघितलाच नाही, असं त्यांना वाटत होतं, आणि त्या शंकेचं उत्तर सर्वांत आधी मिळायला हवं होतं. दुसरी म्हणजे विशेषणं. "मशीनची कामगिरी असमाधानकारक" असं समितीच्या टिपणीत होतं. ते काढून साडेसतरा मिनिटं लिहिलं. मिनिटांवर वाद घालता येतो, कागद दाखवता येतो. "असमाधानकारक" या शब्दानं माणूस फक्त दुखावतो.

आणि तिसरी, जी लिहिली नाही ती. त्यांनी पाच दाखले जोडले असते तर ४ गुण वाढले असते, देखभालीचा दर लिहिला असता तर आणखी ४. बेरीज ८८ झाली असती आणि काम त्यांना मिळालं असतं. हे मला दिसत होतं आणि वाचणाऱ्यालाही दिसणारच होतं. पण "हे दोन कागद असते तर तुम्हीच होता" असं संस्थेच्या ईमेलमध्ये लिहिणं मला बरोबर वाटलं नाही. देखभालीचा दर त्यांनी किती लिहिला असता, तो बघून समितीनं काय प्रश्न विचारले असते, हे कोणाला माहीत? कुठं किती गुण गेले हे स्पष्ट सांगायचं, त्यावरून काय झालं असतं हे त्यांचं त्यांनी काढायचं.

अपेक्षेप्रमाणे त्याच संध्याकाळी फोन आला. "दाखले तर माझ्याकडे पंधरा हायेत. आत्ता पाठवतो, धरा नं." त्यांनी गोडाऊनांमध्ये केलेली कामं मी डोळ्यांनी पाहिलेली आहेत, त्यामुळे हे ऐकताना वाईट वाटलं. इथं नियम नीट माहीत असणं उपयोगी पडतं. केंद्र सरकारच्या वस्तू खरेदीच्या नियमपुस्तिकेत याबद्दल स्पष्ट भेद केलाय. निविदेत एखाद्या कामाची ऑर्डर जोडली असेल आणि तिचा पूर्णत्वाचा दाखला राहिला असेल, तर तो नंतर मागवता येतो. पण निविदेत ज्याचा उल्लेखच नाही अशी नवी ऑर्डर मागून कोणाला पात्र करता येत नाही. आम्ही तीच रेघ पाळली. त्यांनी तीनच कामं दाखवली होती आणि तिन्हींचे दाखले होते, म्हणजे मागवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. देखभालीचा दर तर सगळ्यांचे भाव उघडल्यावर घेणं म्हणजे निविदा बदलू देणं. मी हे फोनवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तेच लेखी पाठवलं, म्हणजे बोलणं एक आणि कागद एक असं राहायला नको.

२५ जुलैला ते मुलाला घेऊन आले. टेबलावर मी फक्त त्यांची फाइल ठेवली होती, बाकीच्या दोन कपाटात कुलूपबंद. हे आधीच करून ठेवावं. समोर तीन फाइली असल्या की नजर जाते आणि कोणीतरी "जरा बघू" म्हणतं, मग नाही म्हणणं अवघड होतं. त्यांनी चाचणीची नोंद वाचली, मालाची आर्द्रता बघितली, मुलाची सही बघितली. मुलानं सांगितलं की त्या दिवशी मशीनला हरभऱ्याची चाळणी लावलेली होती, ती बदलायला वेळ नव्हता. तसं असेल तर कमी क्षमतेचं कारण पटण्यासारखं होतं. पण चाचणीची तारीख आणि माल कोणता हे त्यांना पाच दिवस आधी लेखी कळवलं होतं, त्यामुळे पुन्हा चाचणी घेता येत नव्हती. भाऊ मुलाकडे बघून काही बोलले नाहीत. मीही विषय लांबवला नाही.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला: भाव इतका कमी असून गुण दीडच का जास्त? ऐंशी हजार म्हणजे त्यांच्या दृष्टीनं लहान रक्कम नाही. मी कागदावर मांडून दाखवलं. सोळा लाख हे पंधरा लाख वीस हजारांपेक्षा साधारण पाच टक्क्यांनीच जास्त, म्हणून तीसातले पाच टक्के, म्हणजे दीड गुण जातो. "मग भावाले चाळीस गुण ठेवले असते तं?" त्यांनी विचारलं. तोही हिशेब मी आधी फाइलसाठी करून ठेवला होता. तांत्रिक गुणांत दोघांमध्ये सत्तरात सात, म्हणजे बरोबर दहा टक्क्यांचं अंतर होतं आणि भावात पाच टक्क्यांचं. त्यामुळे भावाला चाळीस काय, पन्नास गुण असते तरी निकाल तोच आला असता. शंभरातले दोनतृतीयांशाहून जास्त गुण भावाला दिले असते तरच तो फिरला असता. असा हिशेब फाइलला जोडून ठेवण्याचा फायदा हा, की निकाल एखाद्या टोकाच्या वाटणीमुळे आलाय का, हे आपल्यालाही समजतं. आला असता तर तसं सांगावं लागलं असतं.

ते पूर्ण समाधानी होऊन गेले असं मी म्हणणार नाही. जाताना म्हणाले, "हिशेब समजला. पटला असं नाही म्हणत." लेखी हरकत मात्र आली नाही. २९ तारीख उलटली, ३० जुलैला ऑर्डर गेली आणि ५ ऑगस्टला त्यांची अनामत रक्कम परत झाली. ती बँकेत जमा झाल्याचा मेसेज त्यांना गेला की नाही, हे मी स्वतः विचारून घेतलं.

सप्टेंबरात, सोयाबीन यायच्या आधी, जुन्या मशीनच्या तपासणीला त्यांचा माणूस दरवर्षीसारखा आला. मी मुद्दाम नव्या युनिटच्या खोलीचं दार लावून घेतलं नाही, आणि त्यानंही ते बघायला मागितलं नाही. काम झालं, बिल आलं, ते महिन्याच्या आत दिलं. नोंदणीकृत लघुउद्योगाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, हे कायद्यातच आहे, पण ती मर्यादा गाठायची गरज नसते.

डिसेंबरात तुरीच्या डाळ युनिटची निविदा निघाली. नोटीस आम्ही यादीतल्या सगळ्या पुरवठादारांना एकाच दिवशी पाठवली, त्यांनाही. प्री-बिड मीटिंगला भाऊ वहीत प्रश्न लिहून आले होते. पहिलाच प्रश्न: डाळ युनिटच्या मशीन साधारण ठरलेल्या नमुन्याच्या असतात, विक्रेत्यागणिक कामात फार फरक पडत नाही, मग भावाला तीसच गुण का? इतर दोघांनीही मान डोलावली. समितीनं त्यावर चर्चा केली. मुद्दा बरोबर होता. दुसऱ्या आठवड्यात शुद्धिपत्रक काढून भावाचे गुण चाळीस केले, ते सगळ्यांना पाठवलं आणि निविदा भरायची मुदत एका आठवड्यानं वाढवली.